चावीचा दिवस

मी घरमालक आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे वाचताना कोणाला तरी वाटायचं की लिहिणारा भला माणूस असेल. घरमालकाबद्दल जगात कोणी चांगलं बोलत नाही, आणि तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, बहुतेक वेळा लोकांचं बरोबरच असतं. नकाशे काढायच्या नोकरीत डोळ्यांची वाट लावून मी हे घर बांधलं. वरच्या मजल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको राहतो, मधला आणि तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने देतो. पण सांगायचं आहे ते माझ्याबद्दल नाही. ज्या बाईंनी मला हे फ्लॅट नीट भाड्याने द्यायला शिकवलं, आणि ज्यांच्याशी मी एका सोमवारी फार वाईट वागलो, त्यांच्याबद्दल सांगायचं आहे.

आमच्या भागात सगळे त्यांना चावीबाई म्हणायचे. घरं दाखवायची, मालक आणि भाडेकरू यांची गाठ घालून द्यायची, कागद करायचे, हा त्यांचा धंदा. ऑफिस म्हणाल तर झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल आणि दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय हलता. गिऱ्हाईक आलं की बाई स्वतः त्या खुर्चीवर बसायच्या. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात चाव्यांचे जुडगे, आणि प्रत्येक चावीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. तुकड्यावर फक्त तारखा असायच्या, चावी कधी आली आणि कधी गेली एवढ्याच. मालकाचं नाव, पत्ता काही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पत्ता माझ्या लक्षात राहतो. तारखेवरून लोक भांडतात."

पहिल्या भेटीत आमचंही तारखेवरूनच भांडण झालं. मधल्या फ्लॅटला एक जोडपं आणलं होतं त्यांनी. महिन्याच्या एकोणीस तारखेला राहायला येणार होतं. मी म्हणालो, भाडं महिन्याचं आहे, महिना पूर्ण द्यायचा.

"साहेब, एक ते अठरा तारखेपर्यंत फ्लॅटमध्ये कोण राहत होतं?"

"कोणी नाही."

"मग त्या दिवसांचं भाडं पण कोणी नाही तेच देईल." 

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. महिना तीस दिवसांचा होता. मी कागद ओढला, महिन्याच्या भाड्याला तिसाने भागलं, तीसमधून एकोणीस वजा केले आणि अकरा दिवसांचे पैसे लिहून कागद त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी बघितलं आणि मान हलवली.

"चुकलं. बारा दिवस होतात. एकोणीस तारीख धरून मोजा. चावी ज्या दिवशी हातात पडते, तो दिवस येणाऱ्याचा. तुम्ही तुमचाच एक दिवस सोडताय."

चूक माझ्या तोट्याची होती. भाडेकरूच्या बाजूने बोलणारी बाई गप्प बसली असती तर मला कधी कळलंही नसतं. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला, तो बसलाच. तरी जाता जाता मी टोमणा मारला, "आणि डिपॉझिट? तेही आता दिवसांवर मोजायचं का?"

"नाही. डिपॉझिट पूर्ण दोन महिन्यांचं. भाडं राहण्याचं असतं, म्हणून दिवस मोजायचे. डिपॉझिट नुकसानीसाठी आणि थकबाकीसाठी असतं. माणूस महिन्याच्या मध्ये आला म्हणून खिडकीची काच काही अर्धीच फुटत नाही." आणि मग बोट उगारून, "पण ते पैसे तुमचे नाहीत हं. वेगळ्या खात्यात ठेवा. नव्याचं घेऊन जुन्याला देणारे मालक मी बघितलेत. नवा मिळेपर्यंत जुना हेलपाटे घालतो."

मी ठेवले वेगळ्या खात्यात. बायको म्हणाली, माझं कधी ऐकलं नाहीत ते त्या बाईचं ऐकलंत. खरं होतं. नाकावर माशी न बसू देणारा माणूस मी, पण चावीबाईंनी सांगितलं की निमूटपणे करायचो. महिना तीसचा की एकतीसचा हे त्या मुठीच्या उंचवट्यांवर मोजायच्या, तसं मीही मोजायला लागलो. कॅलेंडर समोर टांगलेलं असताना!

त्यांचे नियम दोनच होते. कागद आणि पैसे झाल्याशिवाय चावी द्यायची नाही. आणि जाणाऱ्याने चावी दिली की त्याच्याबरोबर घर फिरून बघायचं, येणाऱ्याला चावी दिली की त्याच्याबरोबर पुन्हा फिरायचं. नळ, काचा, बटणं, दारांच्या कड्या, सगळ्यांची यादी करायची आणि खाली सही घ्यायची. म्हणजे पुढे काही मोडलेलं निघालं तर ते कोणाच्या डिपॉझिटातून कापायचं, याला फाटे फुटत नाहीत. बारा वर्षांत त्यांनी हे दोन नियम मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. बाकी मालकही ऐकून होते. म्हणून तर त्यांच्या पिशवीत सगळ्या भागाच्या चाव्या असायच्या.

तळमजल्यावर नऊ वर्षं एक घड्याळजी राहत होते. एकटे होते, लग्न केलेलं नव्हतं. बाजारात छोटंसं दुकान होतं, पुढे हात थरथरायला लागले तेव्हा ते बंद केलं. भाडं पहिल्या तारखेला सकाळी आठला, पाकिटात घालून. मला त्या माणसाचा कधीच त्रास झाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे त्यांच्याशी माझं बोलणंही फारसं झालं नाही. कुरकुर करणाऱ्या भाडेकरूची आपल्याला खडान्खडा माहिती असते. घड्याळजींबद्दल मला एवढंच माहीत होतं की एकदा नळाची चावी त्यांच्या हातून तुटली, तर संध्याकाळी नवी आणून, बसवून घेऊन, मग वर येऊन मला सांगून गेले होते.

त्या महिन्याच्या सहा तारखेला ते झोपेतच गेले.

त्यांची मोठी बहीण आली. सत्तरी ओलांडलेली, बारीक, ताठ बाई. भावाचं सगळं तिनेच केलं, आणि बारा तारखेला बुधवारी सामान हलवून खोल्या झाडून चावी चावीबाईंच्या हाती दिली. करारात महिन्याची नोटीस लिहिलेली होती. म्हणजे कागदावर बोट ठेवून मी महिन्याचं भाडं पूर्ण ठेवून घेऊ शकलो असतो, आणि माझ्या मनात तसं होतंही. चावीबाई वर आल्या आणि दारातच म्हणाल्या, "साहेब, नवा भाडेकरू ज्या दिवशी चावी घेईल, त्या दिवसापासूनचं घड्याळजींचं भाडं बहिणीला परत करायचं. तोवरचं तुमचं. मी तसं पत्र करून आणलंय. एका दिवसाचं भाडं दोघांकडून घ्यायचं नाही."

"आणि नवा दोन महिने मिळाला नाही तर?"

"तर नोटीस संपेपर्यंत तुमचं काही बुडत नाही. पण मिळेल. माझ्याकडे एक आहे."

मी सही केली. बहिणीनेही केली. तिला तिच्या गावी परत जायचं होतं, पण हिशोब सतरा तारखेला, नव्या भाडेकरूला चावी देताना होणार म्हणून ती कोणा ओळखीच्यांकडे थांबली. भावाने मागे काही ठेवलं नव्हतं. जे होतं ते डिपॉझिट, माझ्याकडचं. त्यातून तिला त्याच्या आजारपणातलं औषधांचं बिल फेडायचं होतं.

चावीबाईंकडे जी एक होती ती नर्स होती. तिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि सतरा तारखेला, सोमवारी दुपारी, त्यांना हॉस्पिटलमधून सोडणार होते. सध्या ती राहत होती ती खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तळमजला तिला हवाच होता. ठरलं असं: महिन्याचं भाडं घड्याळजी देत होते तेच, नऊ हजार तीनशे. महिना एकतीसचा, म्हणजे दिवसाला तीनशे. सतरापासून एकतीसपर्यंत पंधरा दिवस, चार हजार पाचशे. डिपॉझिट दोन महिन्यांचं, अठरा हजार सहाशे. सोमवारी सकाळी तिने तेवीस हजार शंभर आणायचे आणि चावी न्यायची. तिने आकडा दोनदा विचारून घेतला. तिच्याकडे तेवढेच होते, हे विचारण्याच्या पद्धतीवरूनच कळत होतं.

सोमवारी सकाळी दहाला आम्ही चौघं तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये जमलो. बहीण स्वयंपाकघराच्या कट्ट्याला टेकून उभी, कारण बसायला काही नव्हतं. म्हणजे तसं होतं. आतल्या खोलीत एक लोखंडी पलंग होता, डोक्याकडची बाजू हँडल फिरवून वर करता येते तसला, हॉस्पिटलच्या सामानाच्या दुकानातून भाड्याने आणतात तो.

"हा कधी आला?" मी विचारलं.

नर्सने चावीबाईंकडे बघितलं. चावीबाई पिशवीत काहीतरी शोधत होत्या.

"आत्ता सकाळीच," त्या म्हणाल्या. "मी उभी राहून आत ठेवून घेतला."

मला काय, पलंग आला तर आला. आम्ही यादी घेऊन फिरायला लागलो. खिडक्या ठीक होत्या, बटणं ठीक, स्वयंपाकघरातला नळ ठीक. आतल्या खोलीतून बाथरूमकडे जाणारा बोळ चिंचोळा, आणि त्या बोळातच बेसिन बसवलेलं. मी नेहमीप्रमाणे त्याच्यावर टिचकी मारली. आवाज बद्द आला. वाकून बघतो तर कडेचा एक तुकडा उडालेला, आणि तिथून खालपर्यंत गेलेली फट. नळ सोडला तर पाणी फटीतून माझ्या पायावर.

माझा पारा चढला. दोनच वर्षांपूर्वी बसवलेलं बेसिन. मी तिथूनच ओरडलो, "हे बघा! नऊ वर्षं सभ्य म्हणून मिरवलं आणि जाता जाता हे करून गेले! सांगायचं तरी!"

मेलेल्या माणसाबद्दल, त्याच्या बहिणीसमोर, मी असं बोललो. लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

बहीण पुढे आली. बेसिन बघितलं. त्या फटीवरून बोट फिरवलं.

"त्याचे हात फार थरथरायचे शेवटी," ती म्हणाली. "काहीतरी पडलं असेल हातातून. पण त्याने मला सांगितलं नाही. मी परवा परवा खोल्या झाडल्या, माझ्याही लक्षात कसं आलं नाही? जे काही होत असेल ते कापून घ्या तुम्ही."

मी तिथेच प्लंबरला फोन लावला. नवं बेसिन, जोडणी, मजुरी मिळून तीन हजार चारशे. मी तो आकडा यादीच्या मागच्या बाजूला लिहिला. बहीण भिंतीकडे बघत होती. तोंडावर रडू नव्हतं, राग होता. कोणावरचा ते मला कळलं नाही आणि मी विचारही केला नाही.

"चला बाई, पावती करा," मी चावीबाईंना म्हणालो. "डिपॉझिटातून तीन हजार चारशे वजा."

चावीबाई बेसिनकडून पलंगाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन मिनिटं द्या, एक फोन करते," आणि बाहेर पायरीवर गेल्या. आम्ही तिघं आत. नर्स हातातली पर्स सारखी उघडबंद करत होती. मला आपलं वाटलं, पोरगी पैशांच्या काळजीत असेल.

त्या परत आल्या तेव्हा त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली. इतक्या वर्षांत ती पिशवी मी त्यांच्या खांद्याशिवाय कुठे बघितली नव्हती.

"साहेब, मी मघाशी खोटं बोलले. पलंग आज नाही आला. शुक्रवारी आला, चौदा तारखेला. ते दुकानवाले या बाजूला शुक्रवारीच गाडी पाठवतात. मी हिला चौदाला सकाळीच चावी दिली होती. कागद नाहीत, पैसे नाहीत, यादी नाही. ही ड्युटीवर होती, तिने चावी गाडीवाल्यांना दिली. आत्ता मी त्यांना विचारलं. गाडीवाला म्हणतो, बोळात वळवताना पलंगाचा कोपरा बेसिनला लागला होता, पण तेव्हा काही दिसलं नाही. घड्याळजींनी काही फोडलं नाही, ताई. त्यांच्या हातून काही पडलं नाही."

नर्स रडायला लागली. "मावशी, तुम्हीच म्हणालात मालकांना सांगू नको म्हणून. मला खरंच माहीत नव्हतं लागलंय ते. मला वाटलं फुटलेलंच होतं."

"तुझं काही नाही, तू गप्प बस," चावीबाई तिला म्हणाल्या, पण रागाने नाही.

मी मात्र रागाने बोललो. खूप बोललो. बारा वर्षं मला नियम शिकवणारी बाई, लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असलं सगळं. माझ्या घराची चावी माझ्या नकळत दिलीत, उद्या काही चोरीला गेलं असतं तर, असंही. सगळं रास्त होतं. मी धाप लागून थांबलो तेव्हा चावीबाई म्हणाल्या:

"लग्नानंतर आम्ही पहिली खोली घेतली ती बावीस तारखेला. मालकाने महिना पूर्ण घेतला आणि पलंग आणायला एक दिवस आधी चावी मागितली तर दिली नाही. सासूबाईंना पक्षाघात होता. पहिल्या रात्री त्यांना फरशीवर झोपवलं. ही पोरगी मला म्हणाली, मावशी, बाबांना सोमवारी आणलं की झोपवू कुठे? मला नाही म्हणता आलं नाही. पण त्याची शिक्षा घड्याळजींना कशाला? तेरा, चौदा, पंधरा, सोळा, या घराचं भाडं त्यांनी भरलेलं होतं, साहेब. त्यांच्या भाड्यात मी दुसऱ्याचं सामान ठेवलं, आणि वर बेसिन फोडल्याचं नावही त्यांच्यावर जाऊ देत होते. जवळजवळ जाऊ दिलंच होतं."

बहिणीने एकदम वर बघितलं. ती चावीबाईंकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

मग बाईंनी कागद काढला आणि कट्ट्यावर ठेवून पुन्हा हिशोब मांडला. चावीचा दिवस चौदा. म्हणून नर्सचं भाडं चौदापासून: चौदा धरून एकतीसपर्यंत अठरा दिवस, पाच हजार चारशे. आधी ठरलं त्यापेक्षा नऊशे जास्त. आणि तेच अठरा दिवस घड्याळजींच्या भरलेल्या भाड्यातून बहिणीला परत: पाच हजार चारशे. अधिक पूर्ण डिपॉझिट, अठरा हजार सहाशे. एकूण चोवीस हजार. एक पैसा वजा नाही.

"माझ्याकडे तेवीस हजार शंभरच आहेत," नर्स पुटपुटली.

"नऊशे एक तारखेच्या भाड्याबरोबर दे. साहेब, चालेल?"

मी काही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे चाललं, असा त्यांनी अर्थ घेतला, आणि तो बरोबर होता.

"आणि बेसिन?" मी विचारलं. कारण घरमालक शेवटपर्यंत घरमालकच.

"कागदाने बघाल तर हिच्या डिपॉझिटातून. चावी हिच्याकडे होती आणि माणसं हिची होती. पण मी हिच्याबरोबर घर फिरले नाही, हिची सही घेतली नाही. आणि बाराला ताईंबरोबरही फिरले नाही. त्या दमल्या होत्या, दारातच चावी घेतली आणि जा म्हटलं. दोन्ही बाजूंची यादी नाही. मग ना ताईंकडून कापता येतं ना हिच्याकडून. माझ्याकडून कापा. माझं कमिशन आहे ना आज."

"मावशी, मी देईन हळूहळू," नर्स म्हणाली.

"तू बाबांना आण आधी."

त्यांचं कमिशन अर्ध्या महिन्याचं असायचं, चार हजार सहाशे पन्नास. मी त्यातून तीन हजार चारशे कापले आणि बाराशे पन्नास त्यांच्या हातावर ठेवले. हो, कापले. त्यांनी सांगितलं म्हणून कापले, असं मी बायकोला सांगितलं. तिने रात्री मला जेवायला वाढलं पण माझ्याशी बोलली नाही. आणि तेवढ्यावरही मी थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात नाक्यावरच्या कट्ट्यावर बसलेल्या दोन-तीन मालकांना मी सांगितलं, चावीबाईसुद्धा हल्ली कागदाआधी चावी देतात बरं का. ते खरं होतं, आणि त्यातलं बाकीचं खरं मी सांगितलं नाही. आपल्या चाव्या परत मागायला लोक त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी सगळ्यांना दिल्या, पुठ्ठ्यावरची तारीख दाखवून. वर्षभरात झेरॉक्सवाल्याने ते टेबल काढून तिथे दुसरं मशीन लावलं.

पण त्या सोमवारचं अजून एक सांगायचं राहिलं.

पैसे आणि पावत्या झाल्या. मी चोवीस हजारांचा चेक बहिणीला दिला, नर्सने मोजून नोटा माझ्या हातात ठेवल्या, आणि वडिलांना आणायला ती जवळजवळ धावतच निघून गेली. बहीण मात्र कट्ट्याशीच उभी राहिली. तिने चेक नीट घडी करून ठेवला. मग घड्याळजींच्या पावतीवर बोट ठेवलं. तिथे चावीबाईंनी लिहिलं होतं: ताबा, मागील नऊ वर्षे, चालू महिन्याच्या तेरा तारखेपर्यंत.

"मघाशी मी त्याच्यावर चिडले होते," ती चावीबाईंना म्हणाली. "बेसिन बघून. मनात म्हणत होते, लपवलंस ना माझ्यापासून. आता तो आहे का उत्तर द्यायला? पैसे कापले असते तर गेले असते. पण मी तसंच चिडून घरी गेले असते, बाई, आणि तसंच राहिलं असतं ते."

चावीबाईंनी मान खाली घातली.

"हे तेरा काय लिहिलंय? तो तर सहालाच गेला."

"भाडं तेरापर्यंत त्यांचं, ताई. चौदाला चावी दुसऱ्याकडे गेली. तेरा तारखेपर्यंत घर त्यांचंच होतं."

"म्हणजे मी आले तेव्हा? बाराला आवरत होते तेव्हा?"

"तेव्हा पण. त्यांच्याच घरात होता तुम्ही."

बहिणीने त्या रिकाम्या खोल्यांकडे बघितलं. भिंतींवर घड्याळं टांगलेल्या खिळ्यांच्या खुणा होत्या, त्याही माझ्या लक्षात तेव्हाच आल्या.

"मला कोणी सांगितलं असतं तर," ती म्हणाली. "त्या सहा दिवसांत मी इथे एकदाही बसले नाही. मालकांचं घर, आपण लवकर निघावं, म्हणून सारखी घाई करत होते. रात्रीसुद्धा दुसऱ्यांकडे झोपायला जायचे. त्याच्या अंथरुणावर एक रात्र काढली असती."

चावीबाईंनी जाऊन आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बहिणीला म्हणाल्या, "नर्स दोन वाजेपर्यंत येत नाही. बसा थोडा वेळ. साहेब काही म्हणणार नाहीत."

त्या वेळी मात्र मी खरंच काही म्हणालो नाही. बहीण त्या पलंगाच्या कडेवर बसली. आम्ही दोघं बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.